सात दिवस, दोन वर्षे, पाच वर्षे: ऑनलाइन मिक्सर विकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन बाजारांत मिक्सर, इस्त्री, शेगडी अशी घरगुती उपकरणे विकणारे सर्व लहान विक्रेते आणि त्यांच्या व्यापारी संघटना यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या लिस्टिंगमधल्या वर्णनाच्या शेवटच्या चार-पाच ओळींबद्दल आहे. माल, फोटो, किंमत यांवर तुम्ही मेहनत घेता. रिटर्न, बदली आणि वॉरंटीच्या ओळी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या लिस्टिंगमधून उचललेल्या असतात. त्या ओळी एक सांगतात, त्याच पानावर किमतीखाली बाजाराने लावलेली पट्टी दुसरे सांगते आणि डब्यातले वॉरंटी कार्ड तिसरेच. ग्राहकाने यातले कोणते खरे मानायचे? तो त्याच्या सोयीचे तेच मानतो, आणि कायदाही बऱ्याचदा त्याच्याच बाजूने उभा राहतो.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच वस्तू घेऊ: ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर. यात रिटर्न, बदली आणि दोन वेगवेगळ्या मुदतींची वॉरंटी असे सगळेच येते. अशा मिक्सरच्या वर्णनाखाली नेहमी दिसणारा मजकूर साधारण असा असतो:

"१००% मनी बॅक गॅरंटी! ५ वर्षे वॉरंटी*. तक्रार २४ तासांत कळवावी. अनबॉक्सिंग व्हिडिओ अनिवार्य, अन्यथा क्लेम घेतला जाणार नाही. वापरलेली वस्तू परत घेतली जाणार नाही. अटी लागू."

सहा वाक्ये आहेत, आणि एकही जागेवर बसत नाही.

सुरुवात मनी बॅकपासून. समजा, तुमच्या मिक्सरच्या पानावर बाजाराने 'सात दिवसांत बदली' अशी पट्टी लावली आहे. म्हणजे मिक्सर बिघडलेला, फुटलेला किंवा चुकीचा आला तर तोच मिक्सर नवा मिळेल, आणि साठा नसेल तर पैसे. 'आवडला नाही' म्हणून पैसे परत, असे त्या पट्टीत कुठेच नाही. तुमचे वर्णन मात्र नेमके तेच कबूल करते. ही पट्टी तुम्ही ठरवत नाही. ती बाजार वस्तूच्या प्रकारानुसार लावतो आणि वेळोवेळी बदलतोही. त्यामुळे तिच्याहून जास्त कबूल करणे म्हणजे आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी देणे. शिवाय अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बुलेट पॉइंटमध्ये 'पूर्ण पैसे परत', 'समाधान नसेल तर परत पाठवा' अशी भाषा चालत नाही. त्या एका ओळीपायी लिस्टिंग अडकू शकते.

तुम्ही कबूल केलेले मागे घेता येत नाही, याचे मूळ ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांत आहे. हे नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले, आणि त्यांतला सहावा नियम बाजारावर विकणाऱ्या विक्रेत्यासाठीच आहे. तो सांगतो की वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या वा ठरलेल्या गुणांची नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येणार नाही. कबूल केलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचलेल्या मालालाही हेच लागू आहे, फक्त आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाचा अपवाद आहे. तुमचे वर्णन म्हणजेच ही जाहिरात. त्याच नियमात पुढे असेही आहे की रिटर्न, बदली, परतावा यांची अचूक माहिती, परत पाठवण्याचा खर्च कुणाकडे तेही धरून, आणि लागू असलेली वॉरंटी, हे सगळे पानावर दाखवण्यासाठी बाजाराला पुरवायची जबाबदारी विक्रेत्याची आहे. 'ते बाजारवाले बघतात' हे उत्तर इथे चालत नाही.

आता कंजूष बाजू. 'तक्रार २४ तासांत कळवावी' ही अट सात दिवसांच्या पट्टीशी सरळ भांडते. ग्राहक तुम्हाला कळवतच नाही. तो अ‍ॅप उघडतो, ऑर्डरवर जातो, कारण निवडतो आणि बदली मागतो. ती विनंती बाजाराच्या मुदतीत असेल तर तुमचे २४ तास कुणी विचारातही घेत नाही. उलट तुम्ही नकार कळवलात आणि ग्राहक त्यावर बाजाराकडे दाद मागायला गेला, तर तो दावा तुमच्या खात्यावर नोंदला जातो. अ‍ॅमेझॉनवर अशा सदोष ऑर्डरींचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते, आणि त्यात ग्राहकाचे दावे आणि वाईट अभिप्राय दोन्ही धरतात. महिन्याला दोनशे मिक्सर जाणाऱ्या दुकानाला दोन-तीन दावे पुरेसे होतात.

व्हिडिओचे कलम तर साथीसारखे पसरले आहे. इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्यांकडून ते मिक्सरवाल्यांकडे आले. व्हिडिओ मागण्यात गैर काही नाही. वाटेत फुटलेले भांडे आणि घरी पडून फुटलेले भांडे यांतला फरक व्हिडिओत लगेच कळतो. चूक आहे ती 'अन्यथा' या शब्दापुढे. व्हिडिओ नसला म्हणून सदोष वस्तू सदोष राहत नाही, असे काही नाही, आणि सहाव्या नियमात अशी सवलत विक्रेत्याला दिलेली नाही. बाजाराच्या पट्टीतही सहसा ती नसते. त्याऐवजी असे लिहा: "पार्सल उघडताना छोटा व्हिडिओ किंवा खोक्याचे आणि वस्तूचे दोन-तीन फोटो काढून ठेवले, तर फुटलेल्या किंवा कमी आलेल्या भागाचा निकाल लवकर लागतो." मागणी तीच राहते, धमकी गळून पडते, आणि वाक्य बाजाराच्या धोरणाशी भांडत नाही.

'वापरलेली वस्तू परत घेतली जाणार नाही' हे तर मिक्सरच्या बाबतीत निरर्थकच आहे. मिक्सर चालवून पाहिल्याशिवाय तो बिघडलेला आहे हे कळणार कसे? इथे तुम्हाला जे खरे म्हणायचे आहे ते म्हणा: चालवून पाहणे चालेल, परत देताना भांडी धुतलेली आणि कोरडी हवीत, तिन्ही भांडी, झाकणे, चमचा आणि वॉरंटी कार्ड सोबत हवे. बदलीचा मिक्सर न्यायला आलेला कुरियरवाला सुटे भाग कमी दिसले तर पार्सल परत नेत नाही, आणि भांडणाची सुरुवात तिथून होते. खोक्यात काय काय आहे याची यादी वर्णनात असेल, तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

राहिली 'अटी लागू' आणि ती चांदणी. चांदणीखाली काही लिहिलेले नसते, म्हणजे अटी नाहीतच असा अर्थ निघू शकतो. अट असेल तर तिथेच लिहा, नसेल तर चांदणी काढून टाका.

आता सर्वांत गोंधळाचा भाग, वॉरंटी. '५ वर्षे वॉरंटी' वाचणाऱ्या बाईंना वाटते की मिक्सर पाच वर्षे कंपनीच्या अंगावर आहे. कार्डावर बहुधा असते ते असे: संपूर्ण वस्तूवर २ वर्षे आणि मोटरवर ५ वर्षे. तिसऱ्या वर्षी भांड्याचे पाते अडकले, कपलर झिजला किंवा स्विच गेला, तर त्यांना पैसे मोजावे लागतात. '२+३ वर्षे' ही लिहिण्याची पद्धत त्याहून वाईट. ती पाच वर्षे पूर्ण मिक्सरची, की दोन पूर्ण आणि तीन मोटरची, हे तीनदा वाचूनही कळत नाही. २०२१ पासून मोठ्या बाजारांच्या अ‍ॅपमध्ये मराठी निवडता येते, आणि तुमचा इंग्रजी मजकूर तिथे भाषांतरित होऊन दिसतो. 'टू प्लस थ्री' तिथे काय रूप घेईल याचा भरवसा नाही. दर मुदतीचे वेगळे, छोटे, पूर्ण वाक्य लिहिले तर भाषांतरातही ते शाबूत राहते.

वॉरंटी कुणाची हेही त्याच ओळीत यायला हवे. उत्पादक कंपनीची असेल तर तसे, आयात करणाऱ्याची असेल तर तसे, तुमची स्वतःची असेल तर तसे. काही कंपन्या फक्त अधिकृत विक्रेत्याच्या बिलावरच वॉरंटी मान्य करतात. तुम्ही माल घाऊक बाजारातून उचलला असेल तर 'ब्रँड वॉरंटी' लिहिण्याआधी कंपनीला लेखी विचारा. सर्व्हिस सेंटरवर बिल नाकारले गेलेला ग्राहक कंपनीवर चिडत नाही, तुमच्यावर चिडतो. वॉरंटी नसेल तर 'या वस्तूवर वॉरंटी नाही' असे स्वच्छ लिहा. त्याने विक्री थोडी कमी होईल. मात्र वॉरंटी नाही म्हणून सदोष वस्तू परत घेण्याची जबाबदारी जात नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेवा कशी मिळणार हा तिसरा मुद्दा. कारागीर घरी येणार, की ग्राहकाने मिक्सर उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायचा? सुरगाण्याच्या ग्राहकासाठी सेंटर नाशिकला असेल तर त्याचा एक दिवस आणि गाडीभाडे जाते. हे त्याला विकत घेण्याआधी कळले पाहिजे.

आणि वॉरंटीत न येणाऱ्या गोष्टी. मिक्सरच्या मोटरची वॉरंटी नाकारली जाण्याची नेहमीची कारणे दोन: घराबाहेरचा वापर आणि जास्त भार. मेस, खानावळ, केटरिंग यांत वापरलेला घरगुती मिक्सर बहुतेक कार्डांवर वॉरंटीबाहेर असतो. तुमच्या वर्णनात 'हॉटेलसाठीही उत्तम' असे एक वाक्य असेल, तर तुम्ही स्वतःच कार्डाच्या विरुद्ध साक्ष दिलीत. भाराचे तसेच. हळकुंडे किंवा पाणी न घालता भिजवलेली डाळ सलग दळली की मोटर तापते आणि तळाचे ओव्हरलोडचे बटण बाहेर येते. मिक्सर बंद पडतो, आणि ग्राहक 'खराब आला' म्हणून बदली मागतो. पुष्कळशा बदल्या अशा न बिघडलेल्या मिक्सरच्या असतात. वर्णनात दोन ओळी टाका: किती मिनिटे चालवून किती वेळ थांबायचे (हा आकडा पुस्तिकेतून घ्या, अंदाजाने लिहू नका), आणि अचानक बंद पडला तर बटण बंद करून, मोटर थंड झाल्यावर तळाचे लाल बटण दाबायचे. पहिल्या दोन-तीन वापरांत मोटरच्या वार्निशचा हलका वास येतो, हेही सांगा. त्या वासापायी परत आलेले मिक्सर गोदामात पुरेसे साठलेले असतात.

हे सगळे लिहायचे कुठे? फ्लिपकार्टवर वॉरंटीसाठी स्वतंत्र रकाने आहेत: Warranty Summary, Warranty Service Type, Covered in Warranty आणि Not Covered in Warranty. यांतला शेवटचा रकाना विक्रेते रिकामा सोडतात किंवा 'फिजिकल डॅमेज' एवढे दोन शब्द टाकून मोकळे होतात. नेमका तोच रकाना तुमचा बचाव आहे. अ‍ॅमेझॉनवर कॅटलॉगच्या फाइलमध्ये warranty_description नावाचा रकाना असतो. तिथे भरलेली मुदत आणि वर्णनात लिहिलेली मुदत अक्षरशः एकच असली पाहिजे. रकान्यात एक वर्ष आणि बुलेटमध्ये दोन वर्षे, असे झाले की ग्राहक दोन वर्षांचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापार-जाळ्यावर गोष्ट थोडी उलटी आहे. तिथे रिटर्नची मुदत वस्तूगणिक विक्रेत्याच्या कॅटलॉगमधूनच जाते. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने ती अशी भरलेली असते:

```
"@ondc/org/returnable": true,
"@ondc/org/return_window": "P7D",
"@ondc/org/seller_pickup_return": true
```

पहिली ओळ वस्तू परत घेता येते असे सांगते, दुसरी सात दिवसांची मुदत देते, आणि तिसरी परत आणण्याची सोय विक्रेता करणार असे कबूल करते. मुदतीच्या खुणेत T आला की पुढचा आकडा दिवसांचा राहत नाही, तास-मिनिटांचा होतो: PT48H म्हणजे ४८ तास. सगळ्या वस्तूंना एकच ठरीव मूल्य टाकलेले असणे ही नेहमीची चूक. मग वर्णनात 'सात दिवस' आणि कॅटलॉगमध्ये रिटर्न नाहीच, असे निघते. सॉफ्टवेअरवाल्याकडून या तीन ओळी तुमच्या प्रत्येक वस्तूसाठी मागून घ्या आणि वर्णनाशेजारी ठेवून वाचा.

आता तोच मिक्सर, नव्याने लिहिलेला. बाजाराची पट्टी सात दिवसांत बदलीची आहे, आणि कार्डावर २ वर्षे व मोटरवर ५ वर्षे आहे, असे धरले आहे:

"बदली: मिक्सर बिघडलेला, फुटलेला, चुकीचा किंवा कमी भागांचा आला तर पोहोचल्यापासून ७ दिवसांत अ‍ॅपमधील तुमच्या ऑर्डरवरून बदली मागा. याच पानावर किमतीखाली दिलेले नियम लागू. चालवून पाहिलेला मिक्सरही चालेल. परत देताना भांडी धुऊन कोरडी करा आणि खोक्यातले सर्व भाग सोबत द्या.

वॉरंटी: उत्पादक कंपनीची. बिलाच्या तारखेपासून संपूर्ण मिक्सरवर २ वर्षे. फक्त मोटरवर बिलाच्या तारखेपासून ५ वर्षे. तिसऱ्या वर्षापासून भांडी, पाती, कपलर, स्विच आणि वायर यांचे पैसे पडतील.

सेवा: मिक्सर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावा लागेल. सोबत बिल ठेवा; ते अ‍ॅपमधून उतरवता येते.

वॉरंटीत नाही: पडून किंवा आपटून झालेले नुकसान, झाकणाची रबरी रिंग, मेस-खानावळ-केटरिंगमधील वापर, पुस्तिकेत दिलेल्या वेळेपेक्षा जास्त सलग चालवल्याने जळालेली मोटर."

'एक्स्चेंज' हा शब्द यात मुद्दाम टाळला आहे. मोठ्या बाजारांवर तो जुनी वस्तू देऊन नवी घेण्याच्या योजनेसाठी वापरतात, आणि ग्राहक जुना मिक्सर घेऊन दारात उभा राहतो.

यात दोन घड्याळे आहेत, ती नीट पाहा. बिल १ मार्चचे, पार्सल पोहोचले ६ मार्चला. बदलीचे सात दिवस ६ तारखेपासून, म्हणजे १३ मार्चपर्यंत. वॉरंटी मात्र १ मार्चपासूनच सुरू झाली. कार्डावर पोहोचल्याची तारीख धरलेली असेल तर तुमचे वाक्यही तसेच बदला. दोन्हींसाठी 'खरेदीपासून' हा एकच शब्द वापरलात की पाच दिवसांचे भांडण तयार.

आठव्या दिवशी काय? मिक्सर ६ तारखेला आला, घरात लग्न होते, खोका १४ तारखेला उघडला आणि मिक्सर पहिल्यापासूनच बंद. अ‍ॅपमधली बदलीची मुदत संपली आहे. वर्णनात 'सात दिवसांनंतर आमची जबाबदारी नाही' असे असेल तर ते वाक्य तुमच्या गळ्यात येईल. सदोष माल परत घेण्याच्या कलमात दिवसांची मर्यादा नाही, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा सात दिवसांचा उल्लेख 'अ‍ॅपमधून बदली मागण्याची मुदत' असाच करा आणि पुढे लिहा: "७ दिवसांनंतर दोष आढळल्यास कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी किंवा आमच्या तक्रार अधिकाऱ्याशी संपर्क करा." तक्रार अधिकारी नेमणे नियमाने बंधनकारक आहेच. लहान दुकानात मालक स्वतःच तो असू शकतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायचे आहे. त्याचे नाव, पद आणि नंबर बाजाराने दिलेल्या विक्रेत्याच्या रकान्यात भरा, वर्णनात नाही. वर्णनातले फोन नंबर बाजार काढून टाकतात.

'वाद पुणे न्यायालयाच्या अखत्यारीत' ही ओळही काढून टाका. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, असे त्याच कायद्यात आहे. गडचिरोलीच्या ग्राहकासाठी तुम्हाला गडचिरोलीला उत्तर द्यावे लागेल. तुमच्या ओळीने त्यात फरक पडत नाही.

मजकूर जुळतो की नाही हे रिटर्नच्या अहवालातून कळते. अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून जाणाऱ्या मालाच्या अहवालात प्रत्येक रिटर्नपुढे कारण असते. NOT_AS_DESCRIBED आणि MISSING_PARTS ही दोन कारणे वेगळी काढा आणि शेजारची ग्राहकाची टिप्पणी वाचा. DEFECTIVE असलेल्यांपुढे 'मधेच बंद पडतो', 'जळका वास' अशा टिप्पण्या वारंवार दिसल्या तर तो मालाचा दोष नसून वर्णनात न लिहिलेल्या दोन ओळींचा दोष असण्याची शक्यता मोठी. ओळी घातल्यावर पुढच्या महिन्यांत त्या टिप्पण्या कमी होतात का ते पाहा. झाल्या नाहीत तर मात्र माल तपासा.

संघटनांना एक विनंती. बाजारांची धोरणपाने वाचून, वस्तूच्या प्रकारानुसार कोणती पट्टी लागते याचा एक तक्ता ठेवा आणि त्यावर पाहिल्याची तारीख टाका. एकट्या दुकानदाराला दर महिन्याला हे जमत नाही. वीस-पंचवीस जणांनी वाटून घेतले तर अर्ध्या तासाचे काम आहे.

तक्ता बदलला की वर्णन बदलतील सगळेच, पण फोटो विसरले जातात. पाचव्या-सहाव्या चित्रावर गोल शिक्क्यात '१० दिवसांत रिटर्न' किंवा '५ वर्षे वॉरंटी' छापलेले असते. ते अक्षर नसून चित्र असल्याने शोधात सापडत नाही आणि भाषांतरही होत नाही, पण ग्राहकाच्या स्क्रीनशॉटमध्ये सर्वांत आधी तेच येते. म्हणून मुदतीचा आकडा चित्रात छापूच नका. आधी छापलेला असेल तर प्रत्येक लिस्टिंगची सगळी चित्रे मोबाइलवर उघडून एकेक करून पाहा, आणि डब्यात टाकायच्या माहितीपत्रकाच्या उरलेल्या प्रतीही त्याच वेळी तपासा.

आपले,
घरगुती उपकरणांच्या लिस्टिंग लिहिणारे आणि रिटर्नच्या तक्रारी हाताळणारे काही जण